रोख हप्ता घेणारा एजंट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

एजंट दर वर्षी घरी येऊन रोख हप्ता नेतो आणि पॉलिसीचं विचारलं की ‘येतेय, कंपनीकडेच अडकलीय’ म्हणतो, हे तू लिहिलंस आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या मेहुण्यांचं अगदी हेच झालं.

त्यांच्याकडे कंपनीचं नाव छापलेला कागद होता, त्यावर नंबरही होता. त्यामुळे शंका येणार कुठून? पुढे कंपनीत चौकशी केली तेव्हा कळलं, की तो नंबर पॉलिसीचा नव्हताच, अर्जाचा होता. एजंटने अर्ज खरोखर भरला होता, पण पैसे भरलेच नाहीत. कंपनीने काही दिवस वाट पाहून अर्ज बंद केला. नंतरच्या पावत्या त्याने साध्या पावतीपुस्तकातून फाडल्या. त्यावर फक्त त्याची सही होती आणि पॉलिसी नंबरची जागा कोरी.

तू आता एवढंच कर. एजंटच्या कार्डावरचा नंबर लावू नकोस, तो त्याच्याच माणसाचा असू शकतो. कंपनीच्या अधिकृत साइटवरून फोन नंबर घे, नाहीतर कागद घेऊन थेट शाखेत जा. ‘माझी पॉलिसी चालू आहे ना?’ असं विचारलंस की घाईत नुसतं ‘हो’ मिळतं. ओळख पटवायला लागेल तेवढी माहिती दे आणि बाकीचं त्यांच्या तोंडून ऐक: विमा कोणाच्या नावावर आहे, किती रकमेचा आहे, कधी सुरू झाला, शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला. पॉलिसी नंबर खरा पण नाव दुसऱ्याचं, असंही निघतं. कधी पॉलिसी तुझीच असते, पण पहिल्या हप्त्यानंतर बंद पडलेली.

नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे, हे तर विचारच. तिथे एजंटचा नंबर असेल, तर हप्ता थकल्याच्या सगळ्या सूचना त्यालाच गेल्या असणार! मग भरलेल्या हप्त्यांचं विवरण लेखी माग आणि आपल्या पावत्यांशी तारखेनुसार ताडून बघ.

नोंद सापडली नाही, तर आधी त्याला जाब विचारायला जाऊ नकोस. तो गोड बोलून मूळ पावत्या ‘दुरुस्तीला’ घेऊन जाईल. पावत्यांचे आणि मेसेजचे फोटो काढ, कंपनीकडे लेखी तक्रार देऊन पोच घे, मग पोलिसांकडे जा. तो कंपनीचा नेमलेला एजंट आहे का आणि त्याला रोख घ्यायची परवानगी होती का, हेही लेखी विचार. कंपनी जबाबदारी घेईल की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं. ‘एजंटला दिले म्हणजे कंपनीला दिले’ असं गृहीत धरू नकोस.

आणि हो, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तुझ्या डोक्यावर विमा नाही, असंच समज. नवा घ्यायचा झाला तर पैसे थेट कंपनीच्या खात्यात भर.

कंपनीने काय सांगितलं ते लगेच कळव.

तुझा,
अविनाश