संभा, मशीन घेण्याआधी एवढं वाच

ता. कागल, जि. कोल्हापूर

प्रिय संभा,

आधारच्या अंगठ्यावर पैसे काढून द्यायचं मशीन घेऊ का, असं विचारायला परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, म्हणून ‘घे मर्दा मशीन, होतंय सगळं’ म्हणून मोकळा झालो. रात्री वाटलं, याला नीट लिहावं.

गिऱ्हाइकानं अंगठा लावला की त्याच्या खात्यातले पैसे मशीनवाल्या कंपनीच्या ॲपमधल्या तुझ्या वॉलेटात येतात आणि तू गल्ल्यातल्या नोटा देतोस. उसाचं बिल जमा झालं की सकाळी ४०,००० घेऊन बसलो तरी दुपारी गल्ला मोकळा, वॉलेट गच्च. मग वॉलेटातले पैसे बँक खात्यात घ्या, गाडी काढा, कागलला जाऊन नोटा आणा. रिचार्ज आणि लाइट बिलाचं उलटं असतं, नोट गल्ल्यात येते आणि वॉलेट उतरतं. म्हणून रिचार्जला किरकोळ समजू नको. त्याच नोटांवर माझी संध्याकाळ निघते.

पण खरा फटका बसला तो दुसरीकडून. गल्लीतली आक्का ५,००० काढायला आली. भांगलणीनं रेघा झिजलेल्या, अंगठा उठेना. हात धुवून, पुसून मधलं बोट लावलं तर लागलं, आणि तेवढ्यात चक्र फिरत राहिलं. स्क्रीनवर ‘Pending’. तिच्या मोबाइलवर मात्र पैसे कापल्याचा मेसेज. म्हातारी घाबरली, म्हणून मी नोटा मोजून दिल्या.

वॉलेटात काहीच आलं नव्हतं. चौथ्या दिवशी ते ५,००० परत तिच्याच खात्यात जमा झाले. नियमच तसा आहे: खात्यातून कापले पण दुकानात पक्कं झालं नाही, तर पाच दिवसांत गिऱ्हाइकाला परत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तिला. आपल्याला नाही. माझी कंपनी ५,००० ला आठ रुपये कमिशन देते. हिशेब कर, ६२५ अंगठे फुकट गेले. ५०० काढणाऱ्यावर तर रुपयाही सुटत नाही. आक्काचा पोरगा पासबुक बघून कबूल झाला, आता दर दूध बिलाला पाचशे देतो. एक हप्ता चुकलाय, पण मागायला जीभ रेटत नाही.

तेव्हापासून मेसेज कुणाचाही दाखवू दे, मी आधी वॉलेटची शिल्लक बघतो. वाढली तर नोट. नाही वाढली तर त्या व्यवहाराचा बारा आकडी आरआरएन नंबर चिठ्ठीवर लिहून देतो आणि दुसऱ्यांदा अंगठा घेत नाही. दोनदा कापले गेले तर भांडण दुकानातच येतं. लोक चिडतात. एकानं तर पायरीवर बसून तासभर शिव्या घातल्या.

तुझ्याकडं गल्ल्यात पन्नास हजार अडकवून ठेवायची सोय आहे का, ते आधी वहिनींना विचार. रविवारी ये, दिवसभर गल्ल्यावर बस. मग ठरव.

तुझा,
बाळू