आधी टब ठेव, मग मिस्त्रीला बोलव

बडोदं, 3 मे

प्रिय सुध्या,

तुझा फोन झाला आणि रात्रभर डोक्यात तेच, म्हणून लिहायलाच बसलो, फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि अर्ध्यात वहिनींना हाक मारतोस. पुण्याचा फ्लॅट सोडून आईबाबांच्या कारेलीबागच्या टेनामेंटमध्ये यायचं ठरवलंस हे बेस्टच, पण फ्लॅटमध्ये छत म्हणजे वरच्याची जमीन असते रे, इथे छत म्हणजे अगाशी आणि ती सगळी तुझी. त्यात ते घर चार वर्षं बंद. पाऊस आपल्याकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बसतो, म्हणजे तुझ्या हातात धरून सहा-सात आठवडे आहेत. त्यातला मे अगाशीचा, जूनचा पहिला आठवडा गटाराचा आणि उरलेले दिवस सामानाचे, एवढंच कॅलेंडर. क्रम मात्र उलटा करू नको, मी केला होता आणि त्याचे पैसे भरले.

झालं असं की आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात ओल यायची. एका वर्षी जूनच्या मध्यात एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, त्याने वर पांढरं वॉटरप्रूफिंगचं कोटिंग दोन हात मारलं, मस्त चकचकीत दिसायचं, आणि आठ दिवसांत पापडासारखे फुगे आले. का, तर आधी दोन सरी पडून गेल्या होत्या, चायना मोझॅकच्या खाली पाणी बसलेलं, वरून कोटिंगने झाकण लावलं, ऊन पडलं की आतली वाफ जाणार कुठे? आता मी कोटिंगआधी एक साधी गोष्ट करतो. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने अगाशीला चिकटवून एक दिवस-रात्र ठेवायचं. खालच्या बाजूला थेंब दिसले की स्लॅब ओला आहे, कोटिंग नाही म्हणजे नाही. मेच्या उन्हात हे कोरडं मिळतं, जूनमध्ये नशिबावर.

पण त्याच्याही आधी गळती नक्की कुठून हे शोधायचं, कारण ओल जिथे दिसते तिथेच वर भोक असतं असं नाही. पाणी स्लॅबच्या आत उताराने, वायरिंगच्या पाइपातून, कुठूनही फिरून येतं. आमची ओल भिंतीपासून चार फूट आत होती आणि सगळे त्याच जागेच्या वर टाइल्स फोडायला निघाले होते. मी म्हटलं थांबा, आधी पाणी भरून बघू.

असं केलं. ज्या कोपऱ्यात अगाशीचा उतार येतो आणि पाण्याचा पाइप आहे, तिथे साधारण दहा फूट बाय दहा फूट भागाला सिमेंट-वाळूची चार इंची पाळ घातली, पाइपचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चिंध्यांनी घट्ट बंद केलं, आणि पाणी भरलं, खोल बाजूला दोन इंच येईल इतकं. आता मेमध्ये पाणी नुसतं उन्हानेही उडतं ना, मग गळलं किती आणि उडालं किती कसं कळणार? म्हणून त्याच पाण्यात एक सरळ कडांचा प्लास्टिकचा टब ठेवला, तोही काठाच्या जरा खालपर्यंत भरून, हलू नये म्हणून आत वीट. टबात आणि बाहेर, दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर पेन्सिलची खूण. चोवीस तासांनी टबातलं पाणी 8 मिलिमीटर उतरलं होतं आणि बाहेरचं 11. उन्हाने दोन्हीकडचं सारखंच उडणार, म्हणजे वरचे 3 मिलिमीटर गळाले. ऐकायला काहीच नाही, पण शंभर चौरस फुटांवर ते जवळजवळ 28 लीटर होतात, दोन बादल्या! त्यातलं थोडं घरात आणि बरंचसं बाहेरच्या भिंतीवरून पाइपच्या कडेने, ते काळं पडलेलं आम्ही इतकी वर्षं शेवाळ समजत होतो.

मग खरी गंमत. पाइपच्या तोंडाभोवती अजून एक छोटी गोल पाळ घालून तेवढा भाग कोरडा ठेवला, बाकी कोपरा पुन्हा भरला. या वेळी चोवीस तासांनी टब आणि बाहेर दोन्हीकडे सारखंच उतरलं. म्हणजे टाइल्स निर्दोष, चोर फक्त पाइपच्या गळ्यापाशी. पीव्हीसीचा गुळगुळीत पाइप आणि सिमेंट यांचं कधी जमत नाही, दोघं उन्हात वेगवेगळे फुगतात नि आकसतात, मधे केसाएवढी फट पडते, आणि नेमकी ती अगाशीच्या सगळ्यात खोल जागी, जिथून सगळं पाणी जातं.

दुरुस्तीला एक मिस्त्री नि दीड दिवस लागला. पाइपभोवतीच्या दोनच रांगा टाइल्स काढल्या, कडेने साधारण पाऊण इंच रुंद आणि तितकीच खोल खाच पाडली, पाइपचा तो भाग सँडपेपरने खरवडला, धूळ ब्रशने साफ केली. मग लॅटेक्स मिसळलेल्या सिमेंटची पातळ लापशी आणि ती ओली असतानाच पॉलिमर मॉर्टर दाबून भरला. पाइपला लागून थोडी फट मुद्दाम सोडली आणि मॉर्टर पूर्ण सुकल्यावर तिथे पीयू सीलंट भरला, तो रबरासारखा असतो, पाइप हलला तरी धरून राहतो. वरून जाळी घालून कोटिंग, पॅरापेटवर अर्धा फूट चढवलेलं आणि पाइपच्या तोंडात थोडं आत वळवलेलं. पुन्हा पाणी भरलं, टबाशी जुळलं, विषय संपला. तुझ्याकडे पॅरापेटचा वाटा, म्हणजे भिंत आणि फरशीच्या कोनातला तो गोल उतार, फुटलाय असं तू म्हणत होतास, तोही असाच वेगळा करून तपास, दोन्ही एकदम भरलंस तर कोण दोषी ते कळणारच नाही.

फक्त एक, हे तुझ्या टेनामेंटच्या आरसीसी स्लॅबला ठीक आहे. दांडिया बाजारला मामांचा जो लाकडी कड्यांचा जुना वाडा आहे ना, तिथे हे चुकूनही करू नको, दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो वजन. तिथे नळीने एकेक भाग अर्धा अर्धा तास भिजवून खाली बघत बसायचं. आणि कुठेही पंख्याच्या हुकातून पाणी टपकताना दिसलं तर बादली नंतर, आधी त्या खोलीचा एमसीबी पाड, कारण पाणी वायरिंगच्या पाइपातून आलेलं असू शकतं.

आता गटार. तुझ्या अगाशीचा पाइप खाली कुठे जातो ते बाबांनी कधी सांगितलंय का? मला दाट शंका आहे की तो मागच्या ड्रेनेजच्या कुंडीत सोडलाय, त्या काळी सगळ्यांनी तसंच केलं. हिशेब बघ, हजार चौरस फूट अगाशीवर तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लीटरच्या वर पाणी होतं, हजार लीटरच्या साडेचार टाक्या, आणि ते सगळं संडास-बाथरूमच्या लाइनीत. रस्त्यावरची लाइन आधीच भरलेली, मग ते जाणार कुठे, सगळ्यात खालच्या तोंडातून वर, म्हणजे तुझ्या तळमजल्याच्या बाथरूममधून. तेव्हा पाइप कापून अंगणात किंवा रस्त्याकडे वळव, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम.

कुंड्या जूनच्या पहिल्या आठवड्यात उघड, त्याआधी साफ केल्यास तर मेच्या वावटळीत कडुनिंबाचा पाला पुन्हा भरतो. झाकणं काढून अर्धा तास तशीच उघडी ठेव, आणि स्वतः किंवा कोणालाही आत उतरवू नको, खोल कुंडीत गॅस असतो नि माणूस ओरडायच्या आत पडतो. गाळ वरूनच काढायचा. झाल्यावर वरच्या कुंडीत दोन बादल्या पाणी एकदम ओत आणि खालच्या कुंडीत बघ. पाणी झपकन येऊन झपकन ओसरलं तर ठीक, रेंगाळत आलं किंवा वरच्या कुंडीतच चढलं तर मधे मूळ नाहीतर कपडा अडकलाय, तिथे सळई चालवायची. शेवटच्या कुंडीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो, मी बसवलाय, पण तो बाहेरचं पाणी अडवत असतो तेव्हा घरातलंही बाहेर जात नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेव, आमच्याकडे पूर असताना भाच्याने आंघोळ केली आणि ती आंघोळ हॉलपर्यंत आली. व्हॉल्व्ह नसेल तर जाड पिशवीत वाळू भरून जाळ्यांवर आणि संडासाच्या भांड्यावर ठेवायच्या, दिसायला गबाळं पण काम करतं.

सामानाचं तू हसशील, पुण्यात कोपऱ्यावर सगळं मिळतं. पण 2019 मध्ये 31 जुलैला एका दिवसात जवळजवळ 20 इंच पडला होता, आणि 2024 च्या ऑगस्टअखेर पाऊस थांबल्यावरसुद्धा विश्वामित्री नदी उतरायला दिवस लागले, कित्येक भागांत लाइट नाही, नळ नाही. मी तेव्हापासून चार दिवस धरून चालतो. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लीटर, तुम्ही पाच जण, म्हणजे 80 लीटर, वीस-वीसचे चार जार, आणि ते माळ्यावर नाही तर उंच ओट्यावर, कारण माळ्यावरून भरलेला जार उतरवताना कंबर जाते. तुझी टाकी जमिनीखाली आहे, तिच्या झाकणावरून पुराचं पाणी गेलं की ते पाणी गेलंच समज, उपसून, घासून, क्लोरीन टाकल्याशिवाय वापरायचं नाही. बाकी भरलेला सिलेंडर, आईंची पंधरा दिवसांची औषधं, ओआरएस, टॉर्चचे सेल, पोहे आणि शेव, आणि कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घालून वर. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर आहे ती आत्ताच दोन-तीन फूट वर स्टँडवर घे, माझी गेली तशीच.

आणि गल्लीत पाणी असताना चपला घालून फिरायला निघू नको, नदीतल्या मगरी सोसायट्यांपर्यंत येतात, हे तुला सांगायला नको पण तुझ्या पोरांना सांग, ती पुण्याची आहेत.

पाळ घालायला रविवारी मी येतो, वाळू अर्धी गोणी माझ्याकडे आहे, तू फक्त सरळ कडांचा टब शोधून ठेव. वहिनींना सांग नाश्ता करू नका, येताना शेव-उसळ घेऊन येतो.

तुझा,
बंड्या