माझ्या तोंडी परीक्षेला खुणांच्या भाषेच्या दुभाषी म्हणून आलेल्या ताईंस

कोल्हापूर

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा संपताच केएमटीची बस गाठण्यासाठी आपण घाईने निघालात आणि माझे बोलणे मनातच राहिले, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

मी कर्णबधिर असल्यामुळे मागच्या वर्षी एका केंद्रावर मला लेखी पेपरला तासामागे २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळाला होता. पण प्रश्नपत्रिकेतली दुरुस्ती पर्यवेक्षकांनी नुसती तोंडी सांगितली. मान खाली घालून लिहिणाऱ्या मला ती कळलीच नाही आणि जादा मिळालेल्या तासातही मी चुकीच्याच आकड्यावर गणित सोडवत राहिले. या वर्षी आपण केंद्रप्रमुखांना आधीच भेटून, वर्गात जे जे बोलले जाईल ते कागदावर लिहून माझ्या बाकावर ठेवण्याची विनंती केलीत, आणि त्यांनी ती पाळली.

तोंडी परीक्षेची तयारी मात्र आपण स्वतः केलीत. चार दिवस आधी राजारामपुरीत आमच्या घरी येऊन आपण विषयातले शब्द माझ्याकडून समजून घेतलेत आणि कोणत्या शब्दाला खूण करायची, कोणता बोटांनी एकेक अक्षर करून दाखवायचा, हे ठरवलेत. ‘फिनॉल्फ्थॅलीन’ या रंग बदलणाऱ्या दर्शकासाठी मी ‘गुलाबी होणारे’ अशी खूण करत असे. ती आपण नाकारलीत, कारण परीक्षकांनी रंगच विचारला तर उत्तर खुणेतूनच फुटले असते. मला तेव्हा ते कठोर वाटले. पण ॲसिटिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या अनुमापनात मिथिल ऑरेंज का चालत नाही, या प्रश्नाला मी स्वतः उत्तर दिले, की तिथला समतुल्य बिंदू आम्लारिधर्मी बाजूला येतो आणि मिथिल ऑरेंजचा रंग त्याच्या बराच आधी बदलतो. तेव्हा त्या उत्तरातला एकही शब्द उसना नव्हता.

आपण परीक्षकांच्या शेजारी, खिडकीचा उजेड आपल्या चेहऱ्यावर आणि हातांवर पडेल अशा बेताने बसलात. मी ब्युरेटची पातळी वाचत असताना परीक्षकांनी पुढचा प्रश्न सुरू केला, तेव्हा आपण हात वर करून त्यांना थांबवलेत आणि मी नजर वर उचलेपर्यंत एकही खूण केली नाहीत. ऐकणारा विद्यार्थी नळीकडे पाहत प्रश्न ऐकू शकतो, मला दोन्हींपैकी एकच पाहता येते, हे आपण त्यांना दोन वाक्यांत सांगितलेत. त्यानंतर सर प्रत्येक वेळी थांबले आणि ‘तिला विचारा’ म्हणायचे सोडून थेट माझ्याकडे पाहून प्रश्न विचारू लागले.

एका प्रश्नाची खूण मला अपुरी वाटली, तेव्हा आपण स्वतःहून उलगडा न करता तो सरांना कागदावर लिहून द्यायला लावलात. तो कागद मी जपून ठेवला आहे. आपण ठरवलेल्या शब्दांची वही पुढच्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीला द्यायची आहे, आपली हरकत नसावी.

आपली कृतज्ञ,
एक कर्णबधिर विद्यार्थिनी