सोनूच्या नाटकाला न आल्याबद्दल

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

काल सकाळी आतेचा फोन आला होता. "पोरीचा ताप उतरला का? रक्त तपासलं का? डेंग्यूबिंग्यू नाही ना?" असं एका दमात विचारत होती. आईला काहीच ठाऊक नव्हतं, तिने फोन माझ्या हातात दिला. विचारून कळवतो, एवढंच मी म्हटलं. मग तुला फोन लावला तेव्हा खरं कळलं. ताप आला म्हणून आले नाही असं तू आतेच्या सोनूला कळवलं होतंस, पण ताप नव्हता. शनिवारी कारखान्यातली पाळी संपवून मडगावच्या खोलीवर आलीस, बूट काढायला खाटेवर बसलीस आणि तशीच झोपलीस. जाग आली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते, इकडे जत्रेतलं सोनूचं नाटक संपून मंडपातली माणसं घरी गेली होती.

"नुसती दमले होते म्हणून आले नाही, असं कसं सांगू बाबा?" असं म्हणून तू फोन ठेवलास. त्याचं उत्तर फोनवर मला जमत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगतो. तू आली नाहीस हे बरंच झालं. शनिवारी तू पहाटे पाचला उठलीस, वेर्ण्याला पहिली पाळी केलीस, कोणीतरी रजेवर म्हणून दुसरीही केलीस आणि रात्री अकराला बाहेर पडलीस. म्हणजे अठरा तास जागी. आम्हां ड्रायव्हरांच्या वर्गात एकदा सांगितलं होतं ते मी विसरलेलो नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि नजर, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तशा अवस्थेत तू राय, लोटली करत बोरीच्या पुलावरून स्कूटरने येणार होतीस. पालखी फिरून पडदा उघडेपर्यंत साडेबारा झाले होते. नाटक संपल्यावर पहाटे चारला परत निघाली असतीस तर तेवीस तास जागी. आणि दोन ते सहा ही वेळ झोपेच्या बाबतीत सगळ्यांत वाईट, हे रात्रीची बस चालवणाऱ्या कोणालाही विचार.

तेव्हा झोप लागली याची लाज बाळगू नकोस. सोनूचं जे राहून गेलं ते वेगळं आहे, आणि माफी मागायची ती त्याबद्दल.

त्याचं हे पहिलं मोठं काम. पाच पदं होती त्याला. दोन महिने तो आतेच्या ओसरीवर पेटीवाल्याला धरून बसत होता. पहिल्या अंकात तो आत आला आणि आधी उजव्या बाजूच्या दुसऱ्या रांगेकडे पाहिलं, हे आईनेही पाहिलं आणि मीही. तुझ्या खुर्चीवर आईची शाल ठेवली होती. पहिलं पद जरा वर लागलं त्याचं. दुसऱ्यापासून सावरला. तिसऱ्याला वन्समोअर मिळाला, आणि तेव्हा मात्र त्याने त्या खुर्चीकडे पाहिलं नाही.

तुम्ही दोघं लहान असताना चटईवर पुढे बसायचात. तू पहिल्या अंकातच आडवी व्हायचीस आणि तलवारी निघाल्या की तो तुला चिमटा काढून उठवायचा. तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण तुला काही बघायचं राहू नये ही काळजी त्यालाच. एका वर्षी राजाच्या मिशीचं एक टोक सुटलं आणि तुम्ही दोघं इतके हसलात की भाईंनी उठवून मागे नेऊन बसवलं. हे लिहायचं नव्हतं मला. तुला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

आता तापाचं. तू खोटं बोललीस म्हणून मी रागावलेलो नाही, पण त्या तापाचं पुढे काय होतं ते बघ. आते आज ना उद्या पेजेचा डबा देऊन कोणाला तरी मडगावला पाठवणार. तू खोकायचं की नाही? सोनूला तुझ्यावर रागवायचा हक्क होता, तो तू काढून घेतलास, कारण आजारी माणसावर कोण रागावतं? तो आता तुझी विचारपूस करतोय, आणि खुर्ची रिकामी दिसली तेव्हा जे वाटलं ते आतल्या आत ठेवतोय. आणि पुढच्या वेळी दमलीस तर काय सांगणार?

दमले असं सांगायला तू घाबरतेस ते का, हे मला कळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, दमलेली होती म्हणजे मनात आणलं असतं तर आली असती. म्हणून तर ते पहिल्या वाक्यात सांगायचं नाही. आधी त्याचं काय गेलं ते तुझ्या तोंडून त्याला ऐकू दे. मग ताप नव्हता हे सरळ सांग. मग थकव्याचं एक वाक्य, एकच. दोन पाळ्या, रजेवरची मुलगी, सुपरवायझर, पाठदुखी हे सगळं सांगत बसलीस की ते वकिलाचं बोलणं होतं. आणि शेवटी, जे तुझ्या हातात होतं ते.

ते काय होतं, याचा मी काल रात्री बराच विचार केला. झोप तुझ्या हातात नव्हती. पण दुसरी पाळी करावी लागणार हे तुला दुपारी तीनला कळलं होतं. तेव्हाच त्याला फोन करून "आज माझं येणं कठीण दिसतं" म्हणायला दोन मिनिटं लागली असती. तो खट्टू झाला असता, पण रंग लावायच्या आधी. रंगमंचावर येऊन त्याला खुर्ची शोधावी लागली नसती. तू तसं केलं नाहीस, कारण संध्याकाळपर्यंत कसंतरी जमेल असं वाटत राहिलं. मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. नाही म्हणायचं तोंडावर येतं आणि तू ते गिळतेस, आणि मग अकरा वाजता डोळे मिटत असताना चावी घेऊन स्कूटरकडे जातेस. त्या रात्री खाटेवर बसलीस म्हणून वाचलीस. नसती बसलीस तर?

बघ, पुन्हा तिथेच आलो. लेक्चर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. राग मानू नकोस.

मी असतो तर सोनूला असं लिहिलं असतं. तुझ्या शब्दांत फिरव, पण क्रम मोडू नकोस:

"सोनू, शनिवारी तुझ्या पहिल्या मोठ्या कामाला मी नव्हते. तू माझ्यासाठी खुर्ची धरायला सांगितलीस आणि ती रिकामी राहिली. मला ताप नव्हता, ते मी खोटं सांगितलं. दोन पाळ्या करून खोलीवर आले आणि बसल्या जागी झोपले. पण जमणार नाही हे मला दुपारीच दिसत होतं, तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. ते केलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. रविवारी घरी येतेय. चार वाजता तुझ्याकडे येऊ का?"

एवढंच. "रागावला नाहीस ना?" असं शेवटी जोडू नकोस. ते विचारलं की त्याला तुझीच समजूत काढत बसावं लागतं. "पुढच्या वर्षी नक्की येईन" हेही नको. पुढच्या जत्रेला तुझी कुठली पाळी असेल ते तुलाच माहीत नाही, आणि पहिलं काम पुन्हा पहिलं होत नाही. मोबाइलवर कोणीतरी नाटक घेतलंय, ते रविवारच्या आधी पूर्ण बघ, पण "व्हिडिओ बघितला, मस्त केलंस" असं लिहून मोकळी होऊ नकोस. समोर बसून विचार त्याला, तिसऱ्या पदाला ती जागा कशी घेतली ते. म्हणून दाखवायला लाव. तो आधी नाही म्हणेल.

उत्तर एक-दोन दिवस आलं नाही तर दुसरा मेसेज करू नकोस. आलं आणि त्यात दोन कडक वाक्यं असली तर ती वाच आणि "खरं आहे" एवढं लिही.

आतेला मात्र मेसेज नको, फोन कर, आणि सोनूला कळवल्यानंतर. तिला सगळं सांगायची गरज नाही. ताप नव्हता, दमून झोपले, तुम्हाला उगीच घोर लावला, एवढं पुरे. ती ओरडेल. मग जेवलीस का विचारेल. तुझी आजी तिच्या जावेच्या मुलाच्या मुंजीला अशीच गेली नव्हती, आठ दिवस पाहुणे उरकून पाठ धरली होती तिची. चौथ्या दिवशी खाज्यांचा पुडा घेऊन स्वतः गेली आणि दारातच म्हणाली, "उठवलं नाही गे मला, म्हणून आले नाही." जावेने पुडा घेतला आणि आत चहाला बसवलं. चार दिवस दोघी बोलत नव्हत्या, ते तिथे संपलं. तूही पुडा घेऊन जा, आई जत्रेतला एक बाजूला ठेवतेय.

आणखी एक, मग पुरे. दोन दिवस सुट्टीत पोटभर झोपूनही अंग जड वाटत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर तो नुसता पाळीचा थकवा नव्हे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. तुझ्या आईचं असंच दोन वर्षं थकवा म्हणून चाललं होतं.

कारखान्यात तुला त्या मशीनवर एकटीला ठेवतात, हे मी इथे चारजणांना सांगितलंय. म्हणून दुसरी पाळीही तुझ्याच गळ्यात येते हेही समजतं. तरी रात्री उशीर झाला आणि डोळे जड झाले तर स्कूटर तिथेच ठेव. खिडकीतून वारा, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी, हे सगळं मी रात्रीच्या गाडीवर करून बघितलंय, पाच मिनिटांच्या वर टिकत नाही. कॉफी चढायला अर्धा तास लागतो. वीस मिनिटं झोप मात्र टिकते. तेवढी कॅन्टीनच्या बाकावर काढ, मग नीघ.

रविवारी स्कूटरने येऊ नकोस. मडगावहून फोंड्याची बस धर, मी पुलापलीकडे स्टॉपवर येतो. सोनूला लिहिलंस की मला एक मिस कॉल दे, म्हणजे आतेचा पुन्हा फोन आला तर काय बोलायचं ते आईला सांगता येईल.

तुझे,
बाबा