त्या `r+1` बद्दल

प्रिय मित्रा,

पहिल्या प्रश्नाचा तुझा कोड वाचला. तिथे अ‍ॅरेतल्या इंडेक्स `l` ते `r` च्या घटकांची बेरीज पुन्हा पुन्हा विचारली आहे. तू प्रत्येक क्वेरीला `l` पासून `r` पर्यंत लूप फिरवलास, तिथेच सगळा वेळ गेला. दोन लाख घटक आणि दोन लाख क्वेरी म्हणजे वाईटात वाईट चार हजार कोटी बेरजा. वेळ संपणारच.

त्यापेक्षा बेरजा एकदाच करून ठेव. समज, अ‍ॅरे आहे ३, १, ४, १, ५, ९. शून्यापासून सुरुवात करून चालती बेरीज लिहीत जा: ०, ३, ४, ८, ९, १४, २३. ही झाली प्रीफिक्स सम, `P`. यात `P[i]` म्हणजे पहिल्या `i` घटकांची बेरीज. इंडेक्स २ ते ४ ची बेरीज हवी? `P[5] - P[2]`, म्हणजे १४ वजा ४, दहा. ४, १, ५ मिळवून बघ, जुळतं. सुरुवातीचं ते शून्य मात्र गाळू नकोस, नाहीतर `l = 0` साठी वेगळा `if` घालावा लागतो आणि तो हमखास विसरतो. आणि `P` साठी `long long` घे. घटक शंभर कोटींपर्यंतचे असतील तर तीनच घटकांत `int` उलटतो आणि मोठ्या इनपुटवर उत्तर अचानक ऋण येतं.

तुझा दुसरा प्रश्न नेमका याच्या उलट आहे: `l` ते `r` सगळ्यांत `x` मिळवा, असं लाखो वेळा, आणि अ‍ॅरे शेवटी एकदाच छापा. तिथे `D` नावाचा शून्यांनी भरलेला वेगळा अ‍ॅरे घेऊन त्यात फक्त दोन टोकांना खूण करायची:

```cpp
D[l] += x;
D[r+1] -= x;
```

सहा घटक, सगळे शून्य. १ ते ३ मध्ये ५ मिळव, मग ३ ते ५ मध्ये २. `D` होतो ०, ५, ०, २, −५, ०, −२. चालती बेरीज घे: ०, ५, ५, ७, २, २, आणि शेवटी ०. पहिले सहा आकडे हेच उत्तर. `D` ला एक जागा जास्त का, ते त्या −२ वरून कळेल. शेवटचं शून्य आलं नाही तर कुठेतरी वजाबाकी राहिली आहे.

पण तुझी चूक या तपासणीत सापडत नाही. तू `D[r]` मधून वजा केलंस, त्यामुळे बेरीज शून्यच येते आणि `l` ते `r` या पट्ट्याचा शेवटचा घटक तेवढा कोरडा राहतो. `l` आणि `r` सारखे देऊन बघ: मिळवलेलं तिथल्या तिथे कटतं आणि अ‍ॅरे जसाच्या तसा राहतो. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, म्हणून सांगतो.

तिसऱ्या प्रश्नाला यातलं काही लावू नकोस. तिथे बदल आणि बेरजा आलटून पालटून येतात, म्हणजे दर बदलानंतर `P` पुन्हा बांधावा लागेल. त्याला फेनविक ट्री हवा. आणि चौथ्यात पट्ट्यातला कमाल घटक विचारलाय. कमालीला वजाबाकीच नाही, पुढच्या कमालीतून मागची काढून टाकता येत नाही. तिथे स्पार्स टेबल घे, अ‍ॅरे बदलत नाही म्हणून चालेल.

दुसरा प्रश्न आधी दुरुस्त कर आणि `l = r` वाली टेस्ट चालवून मला आउटपुट पाठव.

तुझाच,
मित्र