चित्रांच्या स्लाइड्स मला शब्दांत लिहून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फिजिऑलॉजीचा पेपर झाला. फोनवर "बरा गेला" एवढंच सांगितलं, कारण पुढचं बोलताना आवाज सांभाळता आला नसता. म्हणून लिहितोय. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझी नजर अधू आहे हे ठाऊक असूनही वर्षभर ज्यांनी मला "चित्र बघितलं की लगेच कळतंय" असं ऐकवलं, त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

रक्तातून ऑक्सिजन कसा वाहून नेला जातो, या धड्याच्या स्लाइड्स वर्गाच्या ग्रुपवर आल्या तेव्हा माझ्या फोनने फक्त पानांचे आकडे वाचून दाखवले. स्लाइड्सवर मजकूर जवळजवळ नव्हताच. होत्या त्या आकृत्या, बाण आणि आलेख, आणि स्क्रीन वाचणाऱ्या ॲपला त्यातलं काहीच बोलता येत नाही. वर्गात पडद्याकडे हात करून "हा इथून असा वर जातो आणि इथे असा वळतो" असं शिकवलं जायचं. कोण वर जातो, कुठे वळतो, हे विचारेपर्यंत पुढची स्लाइड आलेली असायची. मदत मागितली नाही असंही नाही. एकाने स्लाइडवरचे सगळे शब्द टाइप करून दिले. त्यात शून्य, वीस, चाळीस, फुप्फुस, ऊती, हिमोग्लोबिन असं सगळं ओळीने होतं, पण कुठला आकडा कुठल्या अक्षावरचा ते नव्हतं. दुसऱ्याने उजळणीच्या नोट्स म्हणून जी फाइल पाठवली, तिच्यातला प्रत्येक परिच्छेद "आकृती पहा" या शब्दांपाशी संपत होता. आणि ज्यांचं हे कामच होतं त्यांनी सल्ला दिला, आकृतीचे प्रश्न ऑप्शनला टाक. आकृत्या ऑप्शनला टाकल्या तर फिजिऑलॉजीत उरतं काय, ताई?

दसरा चौकातल्या बोर्डिंगजवळच्या आपल्या खाणावळीत मी हे सगळं कुणाला तरी सांगत होतो आणि तुम्ही शेजारच्या टेबलावर जेवत होता. तुम्ही एमएस्सी झालेल्या आणि क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवता, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ताट बाजूला सारून तुम्ही म्हणालात, "पाठव की मला ती फाइल. देऊया की लिहून."

तुम्ही लिहायला बसलात ते पहिल्या स्लाइडपासून सुरू करून नव्हे. आधी प्रत्येक स्लाइडसाठी एकच प्रश्न विचारलात: हे चित्र इथे कशाला टाकलंय? धावणाऱ्या खेळाडूचा फोटो, मुखपृष्ठावरची फुप्फुसं, ही सजावट. त्यांना एक ओळ दिलीत किंवा वगळलंत. हृदयाच्या आकृतीपाशी मात्र थांबलात. तिथे तुम्ही मला जे सांगितलंत ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हृदयाची आकृती समोरून काढलेली असते, म्हणून हृदयाची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते. जो नुसतं "डावीकडे हा कप्पा आहे" असं लिहून देईल तो ऐकणाऱ्याला सगळं रक्ताभिसरण उलटं शिकवेल. म्हणून नोट्समध्ये डावं-उजवं म्हणजे कायम शरीराचं डावं-उजवं, आणि कप्पे कागदावरच्या जागेप्रमाणे सांगायचे नाहीत, रक्त ज्या क्रमाने जातं त्या क्रमाने सांगायचे, हे तुम्ही पहिल्याच पानावर लिहून टाकलंत.

खरी कसोटी होती स्लाइड क्रमांक १४, ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिनचा वक्र. तुमचा पहिला मसुदा मी ऐकला: "वक्र सुरुवातीला हळू, मग झपाट्याने वर जातो आणि शेवटी सपाट होतो." मला वाटलं, झालं, कळलं. पण तुम्ही टेबल पुसून घेतलंत, माझं बोट टेबलाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर ठेवलंत आणि म्हणालात, "आता हे ऐकून काढ बघू." मी काढलं. हळू वर, मग झपाट्याने वर, मग सपाट. तुम्ही म्हणालात की माझी रेषा अर्ध्या उंचीवरच सपाट झाली, खरी तर ती जवळजवळ माथ्यापाशी सपाट होते.

मी सवयीने "सॉरी" म्हणालो. तेव्हा तुम्ही जे केलंत त्यासाठी हे सगळं पत्र आहे. तुम्ही म्हणालात, "तू बरोबर काढलंस. माझ्या वाक्यात उंचीच नाही." आणि ते वाक्य पुसून टाकलंत. खरंच पुसलंत, बॅकस्पेसचा आवाज ऐकला मी. तोवर मला एखादी गोष्ट कळली नाही की दोष माझ्या डोळ्यांचा, हे सगळ्यांनी आणि मीही धरूनच ठेवलेलं होतं. वाक्यातही खोट असू शकते आणि ती दुरुस्त करता येते, हे मला तुम्ही दाखवलंत.

नंतर तयार झालेली नोट मी इथे जशीच्या तशी देतो, म्हणजे "आकृती पहा" लिहिणाऱ्यांना समजेल की काय करता येत होतं:

"स्लाइड १४. आलेख. ऑक्सिजनचा दाब बदलला की हिमोग्लोबिन किती ऑक्सिजन धरून ठेवतं, ते हा आलेख दाखवतो. आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा आंशिक दाब, ० ते १०० मिलिमीटर पारा. उभ्या अक्षावर हिमोग्लोबिनची संपृक्तता, ० ते १०० टक्के. वक्र डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघतो. सुरुवातीला चढ कमी, मग एकदम तीव्र. दाब २० असताना सुमारे ३५ टक्के, २७ ला ५० टक्के, ४० ला ७५ टक्के. इथून चढ कमी होत जातो. ६० ला सुमारे ९० टक्के. त्यापुढे रेषा जवळजवळ आडवी, १०० ला ९७ ते ९८ टक्के. परीक्षेत या आकाराला सिग्मॉइड म्हणायचं. मधले आकडे स्लाइडवर छापलेले नाहीत, ते पुस्तकातून घेतले आहेत."

त्या शेवटच्या ओळीचं मोल मला फार वाटतं. चित्रात काय दिसतं, पुस्तकातून काय घेतलं आणि वर्गात काय सांगितलं, हे तुम्ही सगळीकडे वेगळं ठेवलंत. नाहीतर ऐकणाऱ्याला सगळं चित्रातलंच वाटतं, आणि उद्या एखादा आकडा चुकीचा निघाला तर शोधायचा कुठे?

आकारामागचं कारणही तुम्ही दोन वाक्यांत दिलंत. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात, आणि पहिली भरली की पुढच्या भरणं सोपं जातं, म्हणून मधे एवढा चढ. फुप्फुसात दाब १०० च्या आसपास असतो. तो ६० पर्यंत उतरला तरी हिमोग्लोबिन फारसा ऑक्सिजन सोडत नाही, कारण रेषा तिथे आडवी आहे. आराम करत असलेल्या ऊतींमध्ये दाब ४० च्या आसपास असतो, आणि तिथून थोडा जरी खाली गेला तरी पुष्कळ ऑक्सिजन सुटतो, कारण आपण उतारावर आहोत. मी हे टेबलावर बोटाने जाऊन बघितलं. धडा मला त्या क्षणी कळला.

त्याच स्लाइडवर आणखी दोन वक्र होते, निळा आणि हिरवा. तुम्ही रंगांनी नावं दिली नाहीत. "उजवीकडे सरकलेला" आणि "डावीकडे सरकलेला" असं लिहिलंत, आणि उजवीकडे सरकला म्हणजे नक्की काय झालं तेही: दाब तेवढाच, ४०, पण संपृक्तता ७५ पेक्षा कमी, म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सैल सोडतंय. कार्बन डायऑक्साइड वाढला, तापमान वाढलं, पीएच उतरला की असं होतं, जसं राबणाऱ्या स्नायूत. स्लाइडवर ही कारणं वरखाली बाणांनी दाखवली होती. माझ्या ॲपने ते बाण गिळले असते, म्हणून तुम्ही प्रत्येक बाणाच्या जागी "वाढला" किंवा "उतरला" लिहिलंत.

प्रत्येक नोटच्या मथळ्यात स्लाइडचा नंबरही घातलात. त्यामुळे वर्गात "मागच्या स्लाइडवर बघा" असं म्हटलं की मी मथळ्यांवरून उड्या मारत सगळ्यांबरोबर तिथे पोचायचो. असं आधी कधी झालं नव्हतं.

आता पेपरचं. वक्र आकृतीसह स्पष्ट करा, असा प्रश्न आला. माझी लेखनिक कॉमर्सची मुलगी, तिने हा वक्र जन्मात पाहिलेला नाही. मी तिला अक्ष सांगितले, आकडे घालायला लावले, मग एकेक ठिपका सांगितला: २० वर ३५, २७ वर ५०, ४० वर ७५, ६० वर ९०, १०० वर ९७. म्हटलं, शून्यापासून सगळे ठिपके हलक्या हाताने जोड. ती म्हणाली, "हे शेवटी आडवंच व्हायलंय, चालतंय काय?" मी विचारलं, कुठून आडवं होतंय? ती म्हणाली, साठच्या ठिपक्यापासून. ताई, मला माझी आकृती दिसली नाही, पण ती बरोबर आलीय हे मला तिच्या त्या एका वाक्यावरून कळलं.

तुम्ही त्या रात्री क्लास संपवून, दमून आला होता. माझी तुमची ओळख नव्हती. तुम्ही माझ्यावर दया दाखवली नाहीत, मोठेपणा मिरवला नाहीत, फोटो काढून स्टेटसला लावला नाहीत. काम हातात घेतलंत आणि ते नीट होईपर्यंत सोडलं नाहीत. अशी माणसं कोल्हापुरात आहेत, आपल्या खाणावळीत शेजारच्या टेबलावर आहेत, हे मला आयुष्यभर पुरेल.

आमच्या बोर्डिंगात यंदा पहिल्या वर्षाला आणखी एक मुलगा आलाय, त्याचीही नजर अधू आहे. त्याला तुमची फाइल दिली आहे. त्याच्यासाठी नेफ्रॉनची नोट मी लिहायला घेतली आहे. माझा रूममेट स्लाइड बघून सांगतो, मी लिहितो. ग्लोमेरुलसपासून संग्राहक नलिकेपर्यंत गाळलेलं पाणी ज्या क्रमाने जातं त्याच क्रमाने ठेवलंय. हेन्लेच्या लूपचा उतरता भाग किती खोल जातो ते वाक्यात नीट बसत नाहीये. रविवारी फाइल पाठवतो. मूळ स्लाइड न बघता, नुसती नोट वाचून तुम्ही आकृती काढून बघा, आणि कुठे अडलात ते मला सांगा.

तुमचा,
खाणावळीतला धाकटा भाऊ