कार्ड बंद झाले, खाते उघडेच राहिले

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण न केलेला व्यवहार खात्यात दिसला की ‘माझी फसवणूक झाली आहे, कृपया योग्य ती कारवाई करावी’ असे पत्र बँकेला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी बँकेच्या शाखेत नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि अशा पत्रांचे पुढे काय होते ते जवळून पाहिले आहे. योग्य कारवाई म्हणजे नेमकी कोणती, हे पत्रात नसेल तर ते घेणारा कर्मचारी सवयीचे काम करतो, म्हणजे एटीएम कार्ड बंद करतो. मखमलाबाद भागात राहणाऱ्या, आमच्या परिचयातील एका मावशींचे याच सवयीमुळे दुसऱ्यांदा पैसे गेले. इतरांवर ती वेळ येऊ नये म्हणून हे पत्र.

मावशींना पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. एका शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास त्यांच्या मोबाइलवर १०,००० रुपये काढल्याचा संदेश आला. त्या घरीच होत्या. एटीएम कार्ड त्या वापरत नाहीत, कोणाला ओटीपी सांगितला नव्हता, कुठल्या लिंकवर बोट ठेवले नव्हते. त्यांच्या भाच्याने लगेच बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडून तक्रार क्रमांक मिळाला आणि ‘कार्ड ब्लॉक केले आहे, आता काळजी करू नका’ असे सांगण्यात आले. दुसरा दिवस महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे शाखा बंद. रविवारी सकाळी आणखी १०,००० रुपये गेले.

संदेश नीट वाचला असता तर हे टळले असते, आणि तो वाचण्याची जबाबदारी फोन घेणाऱ्याची होती. त्यात रकमेच्या शेजारी AEPS अशी अक्षरे होती. हा आधारशी जोडलेला व्यवहार. गावोगावच्या ग्राहक सेवा केंद्रात किंवा किराणा दुकानात छोटे यंत्र असते. तिथे बँकेचे नाव आणि आधार क्रमांक द्यायचा, बोटाचा ठसा द्यायचा, की रोख हातात मिळते. कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. ज्या गावात शाखा नाही तिथल्या माणसाला ही सोय फार उपयोगी आहे आणि ती बंद व्हावी असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र ठशाची नक्कल आणि आधार क्रमांक चोराच्या हाती लागला, तर कार्ड बंद करून या व्यवहाराला काडीचाही अडथळा होत नाही. तो मार्गच वेगळा आहे. मावशींचा ठसा कुठून गेला हे पोलीस शोधतील. दस्त नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून असे गुन्हे झाल्याचे देशात उघडकीस आलेले आहे.

सोमवारी सकाळी शाखा उघडताच आम्ही जे पत्र दिले, त्याचा मुख्य मजकूर खाते क्रमांक आणि नाव वगळून देतो. वाचकांनी आपापल्या प्रसंगाप्रमाणे बदल करून तो वापरावा.

‘माझ्या बचत खात्यातून शुक्रवारी सायंकाळी ६.४० वाजता रु. १०,००० आणि रविवारी सकाळी ९.१० वाजता रु. १०,००० असे दोन व्यवहार एईपीएसद्वारे झाले आहेत. हे व्यवहार मी केलेले नाहीत व कोणाला करण्यास सांगितलेले नाहीत. दोन्ही व्यवहारांचे बारा अंकी संदर्भ क्रमांक आणि संदेशांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पहिल्या व्यवहाराची तक्रार मी त्याच दिवशी सायंकाळी ७.०५ वाजता आपल्या मदत क्रमांकावर नोंदवली असून तिचा क्रमांक सोबत दिला आहे. तरी, १) माझ्या खात्यावरील एईपीएस आणि आधार पे या दोन्ही सुविधा तात्काळ बंद कराव्यात. त्या बंद होईपर्यंत खात्यावर डेबिट फ्रीझ लावावा, मात्र निवृत्तिवेतन जमा होणे थांबवू नये. २) दोन्ही रकमा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा कामकाजाच्या दिवसांत माझ्या खात्यात जमा कराव्यात. ३) हे पैसे ज्या यंत्रावरून काढले गेले त्याचा क्रमांक, ठिकाण आणि ते चालवणाऱ्या बँकेचे नाव मला लेखी कळवावे. या पत्राची पोच तारीख, वेळ व शिक्क्यासह द्यावी.’

यातली पहिली मागणी सर्वांत महत्त्वाची. ‘खाते गोठवा’ एवढेच लिहिले तर काही ठिकाणी पैसे येणेही थांबते आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाची अडचण दुप्पट होते. डेबिट फ्रीझमध्ये पैसे बाहेर जाणे थांबते, आत येणे चालू राहते. अर्थात त्या काळात वीजबिल, विमा किंवा कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप जात असेल तर तोही अडतो, म्हणून ही तात्पुरती सोय समजावी आणि एईपीएस बंद झाल्याचे लेखी मिळताच फ्रीझ काढून घ्यावा. पैसे यूपीआयने गेले असतील तर पत्रात यूपीआय बंद करण्याची मागणी हवी, नेट बँकिंगने गेले असतील तर तिचा पासवर्ड रद्द करण्याची आणि नव्याने जोडलेल्या लाभार्थींची नावे काढण्याची. पैसे कुठल्या वाटेने गेले ते संदेशातच असते.

आता वेळेविषयी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली, आणि सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँकांचे खातेदार बरेच आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ग्राहकाची चूक नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवले, तर त्याचे नुकसान शून्य धरायचे असा नियम आहे. संदेश आला तो दिवस मोजायचा नाही आणि आपल्या शाखेच्या सुट्ट्याही मोजायच्या नाहीत. मावशींच्या बाबतीत शुक्रवार सुटला, दुसरा शनिवार आणि रविवार सुटले. सोमवार पहिला दिवस, बुधवार शेवटचा. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर साध्या बचत खात्याच्या ग्राहकावर कमाल १०,००० रुपयांपर्यंत भार येऊ शकतो. त्यानंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. म्हणून पासबुक भरून घ्यायला जाऊ तेव्हा बघू, असे करू नये.

मावशींची फोनवरची तक्रार शुक्रवारचीच होती, त्यामुळे मुदतीचा प्रश्न नव्हता. रविवारच्या व्यवहाराबाबत तर नियम अधिकच स्पष्ट आहे. ग्राहकाने स्वतः निष्काळजीपणा केला असला तरीसुद्धा, त्याने कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे आहे. म्हणूनच फोनची वेळ आणि तक्रार क्रमांक त्याच क्षणी कागदावर लिहून ठेवावा. पुढे सगळे त्यावर उभे राहते.

शाखेत आम्हाला दोन उत्तरे मिळाली. एक, ‘अंगठा जुळला आहे, म्हणजे पैसे तुम्हीच काढलेत.’ दोन, ‘आधी एफआयआर आणा.’ एका विधवा ज्येष्ठ महिलेला हे काउंटरवर सर्वांसमोर ऐकवले गेले याचा मला फार राग आला. परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ठसा जुळला, एवढ्यावरून तो कोणी दिला हे ठरत नाही. रक्कम तात्पुरती जमा करण्यासाठी त्या परिपत्रकात एफआयआरची अट नाही. पोलिसांत तक्रार अवश्य करावी, पण बँकेने तिची वाट पाहत आपले काम थांबवू नये.

भाच्याने शुक्रवारीच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावरही फोन केला होता. कोणी म्हणेल, रोख गेली, आता १९३० काय करणार? पण एईपीएसमध्ये ग्राहकाच्या खात्यातून वजा झालेली रक्कम केंद्रचालकाच्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये जमा होते, आणि त्याने आपल्याजवळची रोख द्यायची असते. केंद्रचालकच सामील असेल तर पैसे तिथेच असू शकतात आणि लवकर कळवल्यास रोखता येतात. उशीर झाला की ते पुढे सरकतात. हीच तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते. तिचा क्रमांक नंतर बँकेच्या पत्रात जोडावा.

आणखी एक पुरावा घरबसल्या मिळतो. आधारच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून प्रमाणीकरणाचा मागील सहा महिन्यांचा इतिहास पाहता येतो. मावशींच्या इतिहासात शुक्रवार व रविवारच्या त्याच वेळी बोटाच्या ठशाने प्रमाणीकरण झाल्याचे दिसले. रविवारी त्या वेळी त्या नाशिकमध्येच डॉक्टरांकडे होत्या आणि त्यांच्याकडे वेळेसह पावती होती. ती पावती आम्ही पुरवणी पत्रासोबत दिली. तिथेच बायोमेट्रिक लॉक लावण्याची सोय आहे. ती लावली की ठसा चालत नाही. मात्र रेशन दुकानात किंवा हयातीच्या दाखल्यासाठी ठसा द्यायचा असेल तेव्हा तो लॉक थोड्या वेळासाठी उघडावा लागतो. घरात कोणी तरुण माणूस नसेल तर वृद्धांना हे जमत नाही, म्हणून बँकेकडून एईपीएस बंद करून घेणे त्यांना सोपे.

मावशींच्या खात्यात दोन्ही रकमा तात्पुरत्या जमा झाल्या आहेत. तक्रारीचा अंतिम निर्णय बँकेने नव्वद दिवसांत द्यायचा आहे. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येते आणि त्यासाठी शुल्क नाही.

शहरातील सर्व बँकांच्या व्यवस्थापकांना माझी आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे. मदत क्रमांकावर बसणाऱ्या आणि काउंटरवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, तक्रार आली की पहिला प्रश्न ‘पैसे कोणत्या मार्गाने गेले?’ हा विचारायला सांगा आणि तो मार्ग त्याच फोनवर बंद करून ग्राहकाला तसा संदेश पाठवा. आवक शिक्क्यावर तारखेबरोबर वेळही टाका. ज्या ज्येष्ठ खातेदारांनी कधीच एईपीएस वापरलेले नाही, त्यांना पुढच्या भेटीत विचारून त्यांच्या लेखी संमतीने ही सुविधा बंद करून द्या.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
पंचवटी, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)